वाशीच्या गाळ्यावर एफडीए आली तर: जप्ती, नमुना आणि मालवाल्याचा हक्क

आंब्याचा हंगाम आला की नवी मुंबईतल्या वाशीच्या एपीएमसी फळ बाजारात अन्न व औषध प्रशासनाच्या, म्हणजे एफडीएच्या तपासण्यांची चर्चा सुरू होते. कारण बहुतेक वेळा कॅल्शियम कार्बाइड. या पावडरने फळ पिकवायला बंदी आहे. इथिलीन गॅसने पिकवायला परवानगी आहे, पण हवेत त्याचं प्रमाण 100 पीपीएमच्या वर जाता कामा नये. गावाकडून पेट्या पाठवणाऱ्याला 'गाळ्यावर धाड पडली' एवढाच फोन येतो. अधिकारी काय करू शकतो आणि काय नाही, हे तिकडे कुणी सांगत नाही.

समजा, एका गाळ्यावर पेट्यांमध्ये कागदाच्या पुड्या सापडल्या. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 38 प्रमाणे अन्न सुरक्षा अधिकारी गाळ्यात शिरून तपासणी करू शकतो, नमुना घेऊ शकतो आणि नियम मोडल्यासारखा दिसणारा माल जप्त करू शकतो. यासाठी कोर्टाचं वॉरंट लागत नाही. त्यामुळे दारातच वॉरंट मागत बसण्यात अर्थ नाही, उलट अडवणूक केली म्हणून वेगळा गुन्हा अंगावर यायचा.

पण त्याच कलमात अधिकाऱ्यालाही वेसण आहे. कारवाईच्या वेळी किमान एक तरी माणूस साक्षीला बोलावून त्याची सही घ्यावी लागते. झडती फौजदारी कायद्यात सांगितलेल्या पद्धतीने व्हावी लागते. म्हणजे गाळेवाल्याला झडतीच्या वेळी हजर राहता येतं आणि जप्त मालाच्या यादीची प्रत मिळते. नमुन्याला घेतलेल्या मालाची नेहमीच्या विक्रीदराने किंमत द्यावी लागते. वरिष्ठांची आधी मंजुरी नसेल तर हिशेबाच्या वह्या उचलता येत नाहीत, आणि उचलल्या तर नकला काढून 30 दिवसांत परत द्याव्या लागतात. माल कुजून खाण्यालायक राहिला नसेल तरच तो नष्ट करता येतो, तेही लेखी नोटीस देऊन. जप्त माल गाळेवाल्याच्याच ताब्यात ठेवून त्याच्या किमतीएवढा जामीनदारासह बंध लिहून घेता येतो.

घोटाळा होतो तो बहुधा कागदावर. कोऱ्या किंवा अर्धवट पंचनाम्यावर घाईत सही, पंच म्हणून प्रत्यक्ष हजर नसलेला माणूस, पेट्यांची संख्या आकड्यात न लिहिता 'काही पेट्या'. सही करण्याआधी वेळ, पेट्यांची संख्या, सीलचे वर्णन आणि पंचांची नावे वाचून घ्यायची. पटलं नाही तर सहीजवळच तसं लिहायचं.

सगळ्यात महत्त्वाचा हक्क नमुन्याचा आहे, आणि तोच बहुतेकांच्या हातून सुटतो. कलम 47 प्रमाणे नमुन्याचे चार भाग करून सील करतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे. चौथा भाग गाळेवाल्याने मागणी केली तर मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत जातो. खर्च गाळेवाल्याचा. मागणी तिथल्या तिथे, लेखी करायची. दोन अहवाल जुळले नाहीत तर पदनिर्देशित अधिकारी आपल्याकडचा भाग रेफरल प्रयोगशाळेकडे पाठवतो आणि तिचा निकाल अंतिम. अन्न विश्लेषकाला अहवालासाठी 14 दिवस मिळतात. आंबा तेवढा थांबत नाही, म्हणून कागद चोख असणं जास्त गरजेचं.

प्रयोगशाळा कोणती, याला किती वजन आहे हे 2015 च्या मॅगी प्रकरणात दिसलं. जून महिन्यात केंद्रीय प्राधिकरण आणि महाराष्ट्राच्या अन्न आयुक्तांनी बंदी घातली. नेस्ले मुंबई उच्च न्यायालयात गेली. 13 ऑगस्टला न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती, आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल धरले त्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त नव्हत्या. तरीही न्यायालयाने कंपनीला मोकळं सोडलं नाही. तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत नव्याने तपासणी करायला लावली. एवढी मोठी कंपनी वकील लावू शकते. गाळेवाल्याने निदान अहवालावर प्रयोगशाळेचं नाव आणि मान्यता तरी पाहावी.

शेतकऱ्याचं काय? कलम 18 मध्ये शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतावरच्या मालाला हा कायदा लागू नाही असं स्पष्ट म्हटलंय. पण ही सूट शेतापुरती. माल व्यापाऱ्याच्या गाळ्यात गेला की तिथे कायदा लागतो.

आणि अधिकारी मुद्दाम छळायला, सबळ कारण नसताना माल जप्त करत असेल तर? कलम 39 प्रमाणे तो अधिकाऱ्याचा गुन्हा ठरतो आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र तक्रार खोटी निघाली तर तक्रारदारालाच 50 हजार ते 1 लाख दंड आहे. म्हणून रागाच्या भरात अर्ज ठोकू नये. आधी पंचनाम्याची प्रत, यादी, बिलं आणि त्या वेळचे मोबाईलमधले फोटो जमवावे, आणि नक्की काय चुकलं तेवढंच वरिष्ठ कार्यालयाला लिहावं.