बांध झाला, पण भात पिकलं का? धरमतर खाडीकाठच्या खारभूमीचा हिशोब

धरमतरच्या पुलावरून अलिबागकडे जाताना खाली अंबा नदी खाडीला मिळताना दिसते. दोन्ही काठांना सपाट जमीन आणि तिच्या कडेने मातीचे लांबच लांब बांध. ही खारभूमी. पेण आणि अलिबाग तालुक्यांत या खाडीच्या काठाने, तर रोहा तालुक्यात कुंडलिकेच्या काठाने अशी जमीन पसरलेली आहे. उधाणाच्या भरतीत तिची पातळी खाडीच्या पाण्याच्या खाली जाते. बांध आहे म्हणून ती शेती. बांधाला खांड गेली की खारं पाणी आत येतं आणि भातशेती नापीक होते.

पूर्वी गावातले शेतकरी एकत्र येऊन हे बांध राखायचे, त्या पद्धतीला जोळ म्हणतात. पुढे १९४८ चा आणि मग १९७९ चा खारभूमी कायदा आला आणि निवडलेल्या योजनांची जबाबदारी सरकारकडे गेली. पेणमध्ये त्यासाठी खारभूमी विकास विभागाचं कार्यालयही आहे. म्हणजे बांधावर सरकारी पैसा खर्च होतो आणि पैसा खर्च झाला की प्रश्न येतो, योजना यशस्वी झाली का?

कागदावर उत्तर साधारण असं मिळतं. इतके किलोमीटर बांध झाला, इतक्या उघाड्या बसवल्या, इतके हेक्टर क्षेत्र पुनःप्रापित झालं. यातला शेवटचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. वाचणाऱ्याला वाटतं तेवढी जमीन पिकायला लागली. पण अनेकदा तो आकडा नकाशावरून आलेला असतो, म्हणजे बांधाच्या आत किती क्षेत्र येतं एवढंच तो सांगतो. शेतात जाऊन कोणी मोजलेलं असेलच असं नाही.

हा घोळ टाळण्यासाठी मूल्यमापनात लॉजिक मॉडेल वापरतात. १९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकी मदत संस्थेसाठी 'लॉगफ्रेम' नावाचा तक्ता तयार झाला, तो याच कुळातला. योजनेची साखळी चार कड्यांमध्ये तोडायची. इनपुट म्हणजे आपण काय घातलं: निधी, माती, दगड, यंत्रं, माणसांची मेहनत. आउटपुट म्हणजे हातून काय बनलं: बांध आणि उघाड्या. आउटकम म्हणजे त्यामुळे काय बदललं: खारं पाणी थांबलं का, जमिनीतला क्षार उतरला का, पेरा वाढला का. आणि इम्पॅक्ट म्हणजे दहा-पंधरा वर्षांनी गावाच्या जगण्यात काय फरक पडला.

आउटपुट ठेकेदाराच्या आणि विभागाच्या हातात असतं. आउटकम नसतं. त्यासाठी निसर्गाने आणि शेतकऱ्याने आपापला वाटा उचलावा लागतो. म्हणून दोन कड्यांच्या मध्ये 'हे कधी खरं ठरेल?' अशी अट लिहायची असते. सगळी गंमत या अटींमध्येच आहे.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यापुरते कल्पिलेले आहेत. एका खारात ६ किलोमीटर बांध दुरुस्त झाला, ८ उघाड्या नव्या बसल्या, लाभक्षेत्र ४०० हेक्टर. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीच्या दाबाने ते बंद होतं, ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडतं. दोन पावसाळ्यांनंतर पाहणी केली तेव्हा एका उघाडीत गाळ आणि लाकूड अडकून दार अर्धवट उघडं राहत होतं. तिच्या मागच्या ९० हेक्टरमध्ये दर उधाणाला खारं पाणी येतच होतं. आउटपुटच्या तक्त्यात मात्र ती उघाडी 'बसवली' म्हणूनच धरलेली. उरले ३१०.

त्यातल्या ६० हेक्टरमध्ये जुन्या खांडीमुळे वर्षानुवर्षं पाणी साचून तिवरांचं रान माजलेलं. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे, तिथे नांगर घालता येत नाही. उरले २५०. त्यातल्या २०० हेक्टरमध्ये मातीतला क्षार भाताला चालेल इतका उतरला. प्रत्यक्षात पेरा झाला १५० हेक्टरमध्ये, कारण काही मालक मुंबईला नोकरीला होते आणि काहींनी जमीन विकायची ठरवलेली. शेवटचा प्रश्न, दुरुस्तीआधी किती पिकत होतं? ७०. म्हणजे कागदावर ४०० आणि खरी वाढ ८० हेक्टर.

८० हेक्टर म्हणजे योजना फसली का? नाही. पण आता कळतं की पैसा कुठे अडला. एक उघाडी मोकळी केली तर ९० हेक्टरचं दार उघडतं, आणि ते नव्या किलोमीटरभर बांधापेक्षा नक्कीच स्वस्त पडेल. नुसतं 'लक्ष्य शंभर टक्के पूर्ण' लिहिलं असतं तर हे दिसलंच नसतं.

क्षार मोजताना एक चूक फार सहज होते. मातीतला क्षार विद्युतवाहकतेवरून मोजतात. ४ डेसिसिमेन्स प्रति मीटर किंवा त्याहून जास्त आलं की जमीन क्षारयुक्त मानतात. पण खारपाटात हा आकडा महिन्यागणिक बदलतो. उन्हाळ्यात ओल वर चढून सुकते आणि क्षार पृष्ठभागावर येतो, पावसाळ्यात तो धुऊन खाली जातो. बांध होण्याआधीचा नमुना मे महिन्यातला आणि नंतरचा ऑगस्टमधला असेल, तर बांध बांधला नसता तरी 'सुधारणा' दिसली असती. म्हणून नमुने त्याच शेतातले, त्याच महिन्यातले आणि तेवढ्याच खोलीवरचे हवेत. शिवाय एकदा खारं पाणी शिरलेली जमीन लगेच गोडी होत नाही, ती पावसाच्या पाण्याने धुपून निघावी लागते. काम संपल्यावर सहा महिन्यांत आउटकम मोजायला जाणं म्हणजे रोपं लावून दुसऱ्या दिवशी लोंबी शोधणं.

पेरा वाढला तरी तो बांधामुळेच वाढला हे कसं समजायचं? पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षार सहन करणारे भाताचे वाण काढले आहेत. वाढ नव्या वाणाची असू शकते, चांगल्या पावसाची असू शकते. म्हणून शेजारचा, दुरुस्ती न झालेला खारही त्याच वर्षांत पाहायचा. तिथेही पेरा तेवढाच वाढला असेल, तर श्रेय बांधाला देता येत नाही.

इम्पॅक्टची कडी सगळ्यात लांबची आणि सगळ्यात निसरडी. बांध पक्का झाल्यावर जमीन सुरक्षित होते, तसा तिचा भावही वाढतो. धरमतरच्या परिसरात कारखाने आहेत, जेट्या आहेत, मुंबई जवळ आहे. दहा वर्षांनी घराघरांत पैसा आलेला दिसेल, पण तो भातातून आला की जमीन विकून? योजनेचा हेतू शेती टिकवण्याचा असेल तर ही दोन उत्तरं एकमेकांच्या विरुद्ध जातात. कुटुंबाचं उत्पन्न एवढा एकच आकडा विचारला तर दोन्ही गावं सारखीच दिसतील. म्हणून उत्पन्नाबरोबर हेही विचारावं लागतं की जमीन अजून कोणाच्या नावावर आहे, ती कसतं कोण, आणि पावसाळ्याआधी बांधावर खेकड्यांनी पाडलेली बिळं बुजवायला कोण जातं.