त्याच उत्तरपत्रिका, तीन आकडे

कोणत्याही प्रमाणित चाचणीच्या माहितीपुस्तिकेत ‘विश्वसनीयता ०.८७’ अशी एक ओळ सापडतेच. हा आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी चाचणी भरवशाची, असं आपण धरून चालतो. पण हा आकडा नेमका काढला कसा, हे विचारल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चाचणी भरवशाची आहे का, हे पाहायचा सरळ मार्ग म्हणजे तीच चाचणी त्याच मुलांना पुन्हा देणं. पण तसं केलं की मुलांना प्रश्न आठवतात, मधल्या काळात ती काही शिकतात, काही जण दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. म्हणून एक सोयीची वाट निघाली. चाचणी एकदाच घ्यायची, तपासताना तिचे दोन भाग करायचे आणि एका भागात पुढे असलेली मुलं दुसऱ्या भागातही पुढे आहेत का, ते पाहायचं. हीच अर्धविच्छेद पद्धत. दोन भागांचे गुण एकमेकांशी किती जुळतात, ते सहसंबंध गुणक सांगतो.

इथे एक अडचण येते. दहा प्रश्नांची चाचणी अर्धी केली की हाती पाच प्रश्नांच्याच दोन चाचण्या उरतात आणि छोटी चाचणी मोठीपेक्षा कमी भरवशाची असते. म्हणून मिळालेला आकडा पूर्ण लांबीला लागू व्हावा यासाठी दुरुस्त करावा लागतो. हे सूत्र चार्ल्स स्पिअरमन आणि विल्यम ब्राऊन या दोघांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. ते करायला सोपं आहे: सहसंबंधाची दुप्पट करायची आणि तिला ‘एक अधिक सहसंबंध’ या बेरजेनं भागायचं. सहसंबंध ०.६० असेल, तर १.२० भागिले १.६०, म्हणजे ०.७५.

आता एक उदाहरण पूर्ण करून पाहू. समजा, अपूर्णांकांवर दहा प्रश्नांची, दहा मिनिटांची चाचणी आहे आणि प्रत्येक प्रश्नाला एक गुण आहे. सहा मुलांचे गुण असे:

| मूल | प्रश्न १–५ | प्रश्न ६–१० | विषम प्रश्न | सम प्रश्न |
|---|---|---|---|---|
| अनया | ४ | ५ | ५ | ४ |
| भूषण | ४ | ५ | ४ | ५ |
| चिन्मय | ५ | २ | ४ | ३ |
| दीपाली | ५ | ० | ३ | २ |
| ईशा | ५ | ० | ३ | २ |
| फरीद | १ | ० | १ | ० |

पहिले पाच आणि शेवटचे पाच असे भाग केले, तर सहसंबंध येतो ०.११ आणि दुरुस्तीनंतर ०.१९. म्हणजे चाचणी जवळपास टाकाऊ. पण विषम क्रमांकाचे प्रश्न एका भागात आणि सम क्रमांकाचे दुसऱ्यात घेतले, तर सहसंबंध ०.८९ होतो आणि दुरुस्तीनंतर ०.९४. म्हणजे चाचणी उत्तम! उत्तरपत्रिका त्याच, मुलं तीच, गुणही तेच.

प्रश्नांचे भाग किती प्रकारे पडू शकतात? दहा प्रश्नांचे पाच-पाचचे १२६. त्यातला कोणता खरा मानायचा, हा प्रश्न टाळण्यासाठी फ्रेडरिक क्युडर आणि मॅरियन रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये वेगळी दिशा घेतली. भाग न पाडता प्रत्येक प्रश्न बाकीच्या प्रश्नांशी किती मेळ खातो, हे एकाच आकड्यात धरायचं. त्यांच्या लेखातलं विसावं सूत्र त्या क्रमांकानंच ओळखलं जाऊ लागलं. चूक किंवा बरोबर एवढंच न पाहता एक ते पाच असे गुण असलेल्या प्रश्नांनाही चालेल असं त्याचं व्यापक रूप ली क्रॉनबॅक यांनी १९५१ मध्ये ‘अल्फा’ या नावानं रूढ केलं. सर्व शक्य विभागण्यांच्या आकड्यांची सरासरी म्हणजे अल्फा, असं त्यांनी दाखवलं. मात्र तिथे भागांच्या गुणांचा विखुरलेपणा धरणारं सूत्र वापरायचं असतं. वरच्या सहा मुलांसाठी हे विसावं सूत्र लावलं, तर ०.८४ येतात.

मग अखेर ०.८४ धरून चालायचं का? नाही. त्यासाठी दीपाली आणि ईशाच्या उत्तरपत्रिका उघडायला हव्यात. दोघींचे पहिले पाचही प्रश्न बरोबर आहेत आणि पुढचे पाच चुकलेले नाहीत, कोरे आहेत. वेळच संपली. जिथपर्यंत पोचलं तिथपर्यंत सगळं बरोबर आणि पुढे सगळं शून्य असेल, तर विषम आणि सम भागांचे गुण जवळपास सारखे येणारच. त्यासाठी मुलीला अपूर्णांक कितपत येतात, याचा संबंधच नाही. इथला ०.९४ प्रामुख्यानं लिहिण्याच्या वेगाचा मेळ दाखवतो. अल्फालाही याच कोऱ्या जागांनी फुगवलं आहे. दुसरीकडे, पहिल्या पाचांपर्यंत सगळे पोचले आणि शेवटच्या पाचांपर्यंत मोजकेच, म्हणून तो ०.१९ इतका खाली गेला. तिन्ही आकडे बिनचूक काढले आहेत, पण अपूर्णांकांच्या ज्ञानाबद्दल एकही भरवशाचं काही सांगत नाही.

म्हणून वेळेची कडक मर्यादा असलेल्या चाचणीत असा आकडा वापरूच नये. तिचे दोन समान भाग आधीच तयार करावेत, प्रत्येकाला वेगळी वेळ द्यावी आणि मग गुण ताडून पाहावेत. वेळ कमी पडला का, हे ओळखायला फार कष्ट नाहीत. चुकलेला प्रश्न आणि कोरा प्रश्न यांना तपासताना वेगळी खूण करायची आणि कोरे प्रश्न शेवटीच साचलेत का, ते पाहायचं. दोन्हींना शून्य देऊन पुढे गेलं की हा पुरावा कायमचा जातो.

आता फरीदला बाजूला ठेवून उरलेल्या पाच मुलांचा विषम-सम सहसंबंध काढा. ०.८९ वरून तो ०.७३ वर येतो. चाचणीत काही बदललं नाही, फक्त सर्वांत मागे असलेलं मूल गेलं. गटात फार पुढची आणि फार मागची मुलं मिसळलेली असली की क्रम सहज टिकतो आणि आकडा चढतो. पाचवी ते आठवीच्या मुलांवर मिळून काढलेला ०.९० एकट्या पाचवीच्या वर्गाला लागू करता येत नाही. अर्थात सहा मुलं फक्त गणित समजून घेण्यापुरती. प्रत्यक्षात शेकड्यांनी मुलं लागतात, नाहीतर एकदोघांच्या येण्याजाण्यानं आकडा असाच हलतो.

प्रश्नांची संख्या हीसुद्धा आकडा वाढवायची सोपी युक्ती आहे. कोणत्याही दोन प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.२० असेल, तर दहा प्रश्नांचा अल्फा साधारण ०.७१ येतो. तशाच चाळीस प्रश्नांचा ०.९१. प्रश्नांचा आपसातला मेळ जराही सुधारलेला नसतो. लांब चाचणीची बेरीज खरोखरच जास्त स्थिर असते, हे मान्य. पण सगळे प्रश्न एकच गोष्ट मोजतात, हे त्यातून सिद्ध होत नाही. भाषेच्या पेपरात एका उताऱ्यावर पाच प्रश्न असतात, तेव्हा तर जास्तच जपावं लागतं. उतारा कळला तर पाचही येतात, नाही कळला तर पाचही जातात. त्यांना सुटे धरून सम-विषम भागांत वाटलं की दोन्ही भाग खोटेच जुळतात. एका उताऱ्याचे प्रश्न एकाच भागात ठेवले पाहिजेत.

आकडा योग्य रीतीनं निघाला असला, तरी एका मुलासाठी त्याचा अर्थ गुणांत उतरवून पाहावा. शंभर गुणांच्या चाचणीत मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन १० आणि विश्वसनीयता ०.८४ असेल, तर एकातून ०.८४ वजा करून वर्गमूळ काढायचं, ते येतं ०.४०, आणि त्याला १० नं गुणायचं. उत्तर चार गुण. म्हणजे ६२ गुण मिळवलेल्या मुलाचे खरे गुण ५८ ते ६६ च्या दरम्यान असण्याची शक्यता ढोबळमानानं तीनात दोन. निवडीची रेषा ६३ वर आखलेली असेल, तर ६२ वाल्याला नापसंत आणि ६४ वाल्याला पसंत ठरवायला हा ०.८४ पुरेसा आधार देत नाही.