657 वरची शिट्टी: सुपरहेट रेडिओच्या एका वजाबाकीचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्याने मध्यम लहरींवरचा रेडिओ ऐकला तो बाहेरगावच्या केंद्रांच्या भरवशावर. 1948 साली सुरू झालेले नागपूर, नंतर जळगाव आणि औरंगाबाद, रात्री उत्तरेकडून इंदूर. हवा चांगली असली तर मुंबई आणि कलकत्ताही लागायचे. लांबची आणि कमीजास्त जोराची एवढी केंद्रे एकाच पट्टीवर सुटी सुटी ऐकू यायची, याचे श्रेय रेडिओतल्या एका वजाबाकीला आहे. त्या वजाबाकीत एक उणीवही होती. गेल्या सत्तर वर्षांत आपल्या घरातला रेडिओ जसजसा बदलला तसतशी ही उणीव कधी लपली, कधी कानाला टोचली. तिचा हा मागोवा.

आधी वजाबाकी कशासाठी, ते पाहू. एरिअलवर सगळी केंद्रे एकदमच येऊन आदळतात. हवे ते निवडायला कॉइल आणि कंडेन्सरची जोडी लागते, पण अशा साध्या जोडीची निवड फार बारीक नसते. बऱ्यापैकी जोडी 600 किलोहर्ट्झला सुमारे 12 किलोहर्ट्झ रुंदीचा पट्टा आत घेते, तर 1500 ला तीच जोडी 30 किलोहर्ट्झ घेते. 25 मीटरच्या शॉर्टवेव्हवर ही रुंदी दोनशे किलोहर्ट्झच्याही पुढे जाते. म्हणजे तिथे एका केंद्राच्या जागी वीसेक केंद्रे एकत्र आत येणार. अशा जोड्या एकापुढे एक लावल्या तर निवड सुधारते, पण मग काटा फिरवताना त्या सगळ्या एकाच वेळी अचूक हलवाव्या लागतात.

एडविन आर्मस्ट्राँग हा अमेरिकी अभियंता पहिल्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये होता. 1918 मध्ये त्याने हा प्रश्न उलट बाजूने सोडवला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये ल्युसिएन लेव्ही आणि जर्मनीत वॉल्टर शॉट्की हेही याच कल्पनेपर्यंत पोचले होते. फिल्टर केंद्रामागे पळवायचा नाही, केंद्रालाच फिल्टरपाशी आणायचे, अशी ती कल्पना होती. सेटमध्येच एक छोटा ऑसिलेटर ठेवायचा. त्याची लहर आणि केंद्राची लहर मिक्सरमध्ये एकत्र केली की दोहोंच्या फरकाइतकी नवी लहर तयार होते, आणि केंद्रावरचा आवाज जसाच्या तसा तिच्यावर स्वार होऊन येतो. ऑसिलेटर नेहमी केंद्राच्या 455 किलोहर्ट्झ वर ठेवला, तर कोणतेही केंद्र लावा, फरक 455 च येणार. नागपूरच्या 585 साठी ऑसिलेटर 1040 वर जातो, जळगावच्या 963 साठी 1418 वर. ही ठरलेली 455 म्हणजे मधली वारंवारता, मेकॅनिकच्या भाषेत आयएफ. तिच्यासाठीचे फिल्टर एकदाच नीट जुळवायचे आणि पुन्हा हात लावायचा नाही. सेट उघडला की पत्र्याच्या चौकोनी डब्यांत पिवळा, पांढरा आणि काळा गाभा असलेल्या ज्या आयएफटी दिसतात, त्या याच. शेजारचा लाल गाभा ऑसिलेटर कॉइलचा.

आता उणीव. मिक्सरला फक्त अंतर कळते, दिशा कळत नाही. मेहकरपासून पाच किलोमीटरवर आहे एवढेच कुणी सांगितले तर तो माणूस रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे हे समजत नाही, तसेच हे. ऑसिलेटर 1040 वर असताना 585 चा फरक 455 आहे आणि 1495 चाही 455 च आहे. हे दुसरे ठिकाण म्हणजे इमेज, आयएफच्या दुप्पट म्हणजे 910 किलोहर्ट्झ वर असलेले. आयएफटीपाशी पोचल्यावर खऱ्या केंद्रात आणि इमेजमध्ये काहीही भेद उरत नाही, त्यामुळे पुढचा कितीही चांगला फिल्टर तिला अडवू शकत नाही. अडवायचे तर मिक्सरच्या आधीच, एरिअलच्या कॉइलपाशी. इमेज रिजेक्शन म्हणतात ते हेच: इमेज खऱ्या केंद्राच्या तुलनेत किती पट दबली, त्याचे माप.

455 हा आकडा या हिशेबातूनच रूढ झाला. सुरुवातीच्या अनेक सेटांत आयएफ 175 किलोहर्ट्झ असे. तिची इमेज 350 वर पडायची, म्हणजे बहुधा मध्यम लहरींच्या पट्टीतच. 1930 च्या दशकात आयएफ 455 च्या आसपास स्थिरावली. आपली पट्टी 531 ते 1602 ची. डायलवर 692 च्या पुढे गेले की इमेज पट्टीबाहेर पडते, त्यामुळे धोका राहिला तो फक्त डायलच्या खालच्या टोकाला.

आपल्याकडे व्हॉल्वचे सेट आले तेव्हा ही उणीव जाणवायची ती शॉर्टवेव्हवर. समजा 7100 किलोहर्ट्झवरचे जोरदार केंद्र लागले आहे. काटा खाली आणत 6190 वर आणला की तेच केंद्र पुन्हा ऐकू येई, कारण तिथे ऑसिलेटर 6645 वर असतो आणि 7100 त्याच्या 455 वर. 41 मीटरचे केंद्र 49 मीटरच्या गर्दीत घुसलेले. याचे कारण कॉइलच्या निवडीत आहे. मध्यम लहरींवर 657 आणि त्याची इमेज 1567 यांत दुपटीहून जास्त अंतर आहे, म्हणून एरिअलची एकटी कॉइलही इमेज सुमारे शंभरपट दाबते. 6190 ला तीच कॉइल चौदापट दाबते आणि 25 मीटरवर जेमतेम साडेसातपट. 910 चे अंतर तेवढेच राहते, पण वारंवारता वाढली की त्याचे प्रमाण क्षुल्लक होते. महागड्या सेटात मिक्सरआधी एक आरएफ स्टेज आणि तीन गँगचा कंडेन्सर असे. दोन कॉइलींमधून गेल्यावर साडेसातपटीचे पन्नासपटीहून जास्त होते. साठ आणि सत्तरच्या दशकांत ट्रान्झिस्टर खेड्यापाड्यांत पोचला तो दोन गँगचा. किंमत आवाक्यात आली, इमेज मात्र तशीच राहिली.

23 नोव्हेंबर 1978 रोजी आशियातल्या मध्यम लहरींची नवी वाटणी अमलात आली. तोवर आपली बहुतेक केंद्रे दहाच्या पटीत होती, आता ती नऊच्या पटीत बसवली गेली. 910 ला दहाने पूर्ण भाग जातो. म्हणजे पूर्वी इमेज बरोबर केंद्राच्या जागीच पडायची आणि काटा नेमका असेल तर शिट्टी नसायची. नऊने भागले तर 101 येतात आणि बाकी एक उरते. त्या उरलेल्या एका किलोहर्ट्झने नव्या व्यवस्थेतली प्रत्येक इमेज शिट्टी घेऊन येऊ लागली, कारण एक किलोहर्ट्झचा सूर माणसाच्या कानाला अगदी स्पष्ट ऐकू येतो.

हे बुलढाण्यात ठळकपणे कळावे अशी जागा तयार झाली ती 18 मे 1988 रोजी. त्या दिवशी आकाशवाणीचे नॅशनल चॅनल नागपूरहून 1566 किलोहर्ट्झवर, हजार किलोवॉट शक्तीने, रात्रीच्या प्रसारणासाठी सुरू झाले. बुलढाणा तिथून सरळ रेषेत तीनशे किलोमीटर. 1566 मधून 910 वजा केले की 656 येतात, आणि 657 वर कलकत्ता. कलकत्ता लावले की ऑसिलेटर 1112 वर जातो. कलकत्त्याचा फरक 455, नागपूरचा 454. दोघेही आयएफटीतून सुखरूप जातात आणि त्यांच्यातला एक किलोहर्ट्झ शिट्टी होऊन वाजतो. शंभरपट दाबूनही असे का व्हावे? नागपूरचा सिग्नल कलकत्त्याच्या तीसपट जोराचा असेल, तर दाबल्यानंतरही तो कलकत्त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश उरतो. एवढ्याने निवेदन ऐकणे मुश्किल होते.

ही शिट्टी इमेजचीच आहे हे काटा किंचित हलवून ओळखता येते. ऑसिलेटर अर्धा किलोहर्ट्झ वर गेला की कलकत्ता 455.5 होते आणि नागपूर 453.5. शिट्टी एकाची दोन किलोहर्ट्झ झाली. अर्धा खाली आणला की दोघेही 454.5 वर येतात आणि शिट्टी खोल जात नाहीशी होते. शेजारच्या खऱ्या केंद्राची शिट्टी अशी बदलत नाही. 648 वरचे इंदूर आणि 657 यांच्यातला सूर नऊ किलोहर्ट्झचाच राहतो, काटा कुठेही न्या. सूर बदलला तर दोष सेटच्या आतला, तसाच राहिला तर आकाशातला.

केंद्रे वेगळी करायचा घरगुती उपाय म्हणजे सेट फिरवणे. फेराइट रॉड ज्या दिशेला टोक करतो तिकडचा सिग्नल दबतो. बुलढाण्यात रॉड उत्तर-दक्षिण धरला की इंदूर बरेच कमी होते. पण नागपूर आणि कलकत्ता इथून जवळजवळ एकाच दिशेला, पूर्वेला किंचित उत्तरेकडे आहेत. एकाला दाबायला गेले की दुसरेही जाते. विदर्भाच्या पश्चिम टोकाला हा पेच भूगोलानेच घातला होता.

मेकॅनिकपाशी आणखी एक उपाय असतो. सगळ्या आयएफटी 455 ऐवजी 460 वर जुळवायच्या. मग कलकत्त्यासाठी ऑसिलेटर 1117 वर जातो आणि नागपूरचा फरक 449 येतो. तो फिल्टरच्या कडेला पडून दबतो, आणि उरलेली शिट्टी अकरा किलोहर्ट्झची, छोट्या स्पीकरातून न ऐकू येणारी. याची किंमत म्हणजे डायलचे आकडे थोडे सरकतात आणि 1575 च्या आसपासच्या सिग्नलला वाट मोकळी होते. नंतरच्या सेटांत आयएफटीच्या जागी सिरॅमिक फिल्टर आले. ते कारखान्यातच 455 ला कापलेले असतात, त्यामुळे हा उपायही संपला.

एफएमने वेगळा तोडगा काढला. तिथे आयएफ 10.7 मेगाहर्ट्झ आहे, म्हणून इमेज 21.4 वर पडते. 88 ते 108 ही पट्टी वीस मेगाहर्ट्झचीच, त्यामुळे एका एफएम केंद्राची इमेज म्हणून दुसरे एफएम केंद्र येऊच शकत नाही. 100 मेगाहर्ट्झ लावले तर इमेज 121.4 वर, विमानांच्या संभाषणाच्या पट्टीत जाते.

2018 च्या डिसेंबरात नॅशनल चॅनल बंद करण्याचा निर्णय झाला. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक रेडिओंत एकच चिप असते. ती आयएफ फार कमी ठेवते, त्यामुळे इमेज इतकी जवळ येते की कॉइलने ती दाबणे शक्यच नाही. म्हणून तिथे वजाबाकीला दिशा शिकवली आहे. एकाच ऑसिलेटरच्या दोन लहरी, एकमेकींपासून बरोबर 90 अंश मागेपुढे, दोन मिक्सरांना देतात. खरे केंद्र आणि इमेज यांची त्या दोन वाटांतली फेज उलटसुलट निघते, आणि चिप गणिताने एकाला जोडते, दुसऱ्याला रद्द करते. ही पद्धत त्या 90 अंशांइतकीच अचूक असते. दोन्ही वाटांचा जोर सारखा असूनही एका अंशाची चूक झाली तर इमेज सुमारे 115 पटच दबते, म्हणजे जुन्या कॉइलने 657 वर जे साधले होते त्याहून फारसे जास्त नाही. फरक असा, की हे दाबणे शॉर्टवेव्हवरही कमी होत नाही.

घरात जुना शॉर्टवेव्हचा सेट चालू स्थितीत असेल तर रात्री 41 मीटरचे एखादे जोरदार केंद्र लावा आणि काटा हळूहळू खाली आणा. तेच केंद्र पुन्हा लागले की दोन्ही जागांमधले अंतर डायलवर मोजा. त्याचा अर्धा म्हणजे तुमच्या सेटची आयएफ, आणि दुसऱ्या जागी आवाज किती पडला ते त्याचे इमेज रिजेक्शन. डायलचे आकडे ढोबळ असतात, तरी 455 च्या जवळपास उत्तर येते, आणि त्याला कुठलेही यंत्र लागत नाही.