हा अर्ज गोपनीय ठेवावा

एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था. तिथे अकरा वर्षं नोकरी केलेल्या, वसुली विभाग सांभाळणाऱ्या एका बाईंनी शेजारच्या जिल्ह्यातल्या नागरी सहकारी बँकेत शाखाधिकारी पदासाठी अर्ज केला. अर्ज चांगला होता. शेवटच्या ओळीत त्यांनी लिहिलं होतं, ‘कृपया हा अर्ज गोपनीय ठेवावा.’ टपाल मुख्य कार्यालयात आलं. आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाने रोजच्यासारखी पाकिटं फोडली आणि वहीत नोंद केली: अर्जदाराचं नाव, गाव, सध्याची संस्था, विषय. ती वही दिवसभर टेबलावर उघडी असते. तिसऱ्या दिवशी पतसंस्थेच्या अध्यक्षांनी बाईंना केबिनमध्ये बोलावून विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही निघालात म्हणे?’’

त्या बँकेत मी तेव्हा आस्थापना विभागात होतो. बाईंचं नाव आमच्याकडूनच फुटलं, ही गोष्ट मला आजही बोचते. त्यांची निवड झाली नाही, आणि पतसंस्थेत त्यांच्याकडून वसुली विभागही काढून घेतला गेला. त्यानंतर शेकडो अर्ज हाताखालून गेले. नोकरीत असलेला माणूस अर्जात गोपनीयता कशी मागतो, हे मी मुद्दाम पाहू लागलो. बहुतेकांची विनंती अर्जाला कमकुवत करत होती, आणि ज्यासाठी ती केलेली असे ते कामही तिच्याने होत नव्हतं.

आधी पलीकडच्या खुर्चीत काय चालतं ते समजून घेऊ. सहकारी बँकेला पैसा हाताळणारा माणूस घ्यायचा असतो. अफरातफरीत अडकलेला, चौकशी सुरू असलेला माणूसही ‘माझ्या संस्थेला विचारू नका’ असंच लिहितो. त्यामुळे नुसती ‘कळवू नये’ एवढीच ओळ दिसली की छाननी करणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: का बरं? त्याचं उत्तर अर्जात नसेल, तर तो आपल्या परीने शोधतो. सहकार क्षेत्रात शोधणं म्हणजे फोन उचलणं. दोन संस्थांचे लेखापरीक्षक एकच असतात, संचालक एकमेकांचे व्याही असतात, जिल्ह्याच्या बैठकीत सगळे शेजारी बसतात. गोपनीयतेची अर्धवट विनंतीच त्या फोनला निमित्त देते.

आता एक नमुना पाहू. बऱ्याच अर्जांत असा मजकूर असे: ‘माझी नम्र विनंती आहे की, या अर्जाबाबत माझ्या सध्याच्या संस्थेला काहीही कळू देऊ नये, अन्यथा माझी नोकरी धोक्यात येईल. माझ्यावर संपूर्ण कुटुंबाची जबाबदारी आहे.’ यातली भीती खरी आहे आणि कुटुंबही खरं आहे. पण शाखा सांभाळायला निघालेल्या माणसाच्या अर्जात वाचणाऱ्याच्या लक्षात शेवटी हेच राहतं. काहीजण तर ही विनंती पहिल्याच परिच्छेदात करतात. मग पुढची अकरा वर्षांची वसुली, शून्यातून उभं केलेलं दैनंदिन ठेव खातं, सगळं त्या भीतीच्या सावलीत वाचलं जातं.

तोच अर्ज मी असा लिहायला सांगेन. पहिले दोन परिच्छेद पूर्णपणे कामाचे. तिसऱ्यात, सही करण्याआधी, ही तीन वाक्यं:

‘मी सध्या सेवेत असल्याने हा अर्ज गोपनीय ठेवावा आणि लेखी नियुक्तीपत्र देऊन मी राजीनामा सादर करेपर्यंत माझ्या सध्याच्या संस्थेशी संपर्क साधू नये, ही विनंती. तोपर्यंत माझ्या कामाची चौकशी करता यावी म्हणून पूर्वीच्या संस्थेतील दोन वरिष्ठांची नावे व दूरध्वनी क्रमांक सोबत दिले आहेत. राजीनाम्यानंतर सध्याच्या संस्थेकडून अवश्य खातरजमा करावी.’

या तीन वाक्यांचं काम वेगवेगळं आहे. पहिल्यात काय नको ते नेमकं आहे, आणि त्याला मुदतही आहे. कारणही आहे, पण चार शब्दांत. ‘सेवेत असल्याने’ हे कुणालाही पटतं, त्याहून जास्त सांगायची गरज नसते. दुसरं वाक्य बँकेची अडचण सोडवतं: चौकशी करू नका असं न म्हणता ती कुठे करायची ते दाखवतं. तिसरं वाक्य मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ‘अवश्य खातरजमा करावी’ असं लिहिणाऱ्याला लपवण्यासारखं काही नाही, हे वाचणाऱ्याला न सांगता कळतं.

‘राजीनामा सादर करेपर्यंत’ हे शब्द जपून वापरले आहेत. ‘निवड होईपर्यंत’ असं लिहिलं तर निवड समितीची बैठक झाली त्याच संध्याकाळी कुणीतरी फोन करू शकतो, आणि तेव्हा अर्जदाराच्या हातात कागद नसतो. आधी लेखी नियुक्तीपत्र, मग राजीनामा, मग खातरजमा, हाच क्रम अर्जात आणि मुलाखतीतही धरून ठेवायचा.

जाहिरातीत एक अट हमखास असते: ‘अनुभवाचा दाखला जोडावा.’ सध्याच्या संस्थेकडे दाखला मागितला की बातमी तिथेच फुटते, आणि न जोडला तर अर्ज अपुरा ठरतो. इथे बरेच जण काहीच न लिहिता दाखला वगळतात आणि छाननीत बाद होतात. त्याऐवजी मूळ नियुक्तीपत्राची आणि बढतीच्या आदेशाची प्रत, गेल्या तीन महिन्यांच्या पगारपत्रकाची प्रत आणि भविष्य निर्वाह निधीचं पासबुक जोडावं. पासबुकात संस्थेचं नाव आणि दरमहा भरलेली वर्गणी दिसते, म्हणजे सेवा सलग आहे हे सिद्ध होतं. सहपत्रांच्या यादीत एक ओळ घालावी: ‘सध्याच्या संस्थेचा अनुभवाचा दाखला कार्यमुक्त होताना सादर करीन.’

काहीजण सावधगिरी म्हणून संस्थेचं नावच गाळतात, ‘एका नामांकित पतसंस्थेत’ असं लिहितात. मी हे करू नका म्हणेन. नाव नसलेल्या अनुभवाला वजन नसतं, आणि सहपत्रांत ते नाव येणारच असतं. याला अपवाद एकच: जाहिरात देणाऱ्याचंच नाव छापलेलं नसेल, नुसता बॉक्स नंबर किंवा सल्लागार कंपनीचा पत्ता असेल तर. ती जाहिरात तुमच्याच संस्थेची किंवा तिच्या संचालकाच्या दुसऱ्या संस्थेची असू शकते. तिथे आधी फक्त कामाचं स्वरूप आणि वर्षं कळवावीत, आणि जाहिरातदार कोण हे समजल्यावरच संपूर्ण अर्ज पाठवावा.

अर्जदाराने स्वतः काय उघड केलं आहे, तेही आम्ही पाहत असू. एका अर्जात सध्याच्या संस्थेच्या मोठ्या थकबाकीदारांची नावं रकमांसह होती, वसुलीचं कौशल्य दाखवण्यासाठी. त्याच अर्जात खाली गोपनीयतेची विनंती होती. तो बाजूला पडला, आणि ते योग्यच झालं. दुसऱ्याचं गुपित न पाळणाऱ्याच्या विनंतीला आधार उरत नाही. संस्थेच्या वार्षिक अहवालात छापून सभासदांना वाटलेला आकडा जरूर द्यावा. बाकी ठिकाणी ‘तीन वर्षांत थकबाकी निम्म्यावर आणली’ एवढं पुरे होतं.

आता पुन्हा त्या पाकिटाकडे. अर्जातली विनंती पाकीट फोडल्यानंतर वाचली जाते, म्हणून ती बाहेरही हवी. पाकिटावर डाव्या कोपऱ्यात ‘गोपनीय. मा. मुख्य कार्यकारी अधिकारी यांनीच उघडावे’ असं ठळक लिहावं आणि मागे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात फक्त घरचा पत्ता द्यावा. नोंद वहीत ‘एक गोपनीय पाकीट’ एवढीच होते. ई-मेल असेल तर विषयाच्या ओळीत पदाच्या नावाआधी ‘गोपनीय’ लिहावं, आणि पाठवण्याआधी फोन करून विचारावं, ‘‘साहेब, हा मेल कोण कोण उघडतं?’’ हा प्रश्न कुणाला आगाऊ वाटत नाही. मला तरी विचारणारा माणूस जबाबदार वाटायचा. पुष्कळ बँकांत कार्यालयाचा एकच मेल पाच जण वाचतात. मग मुख्य अधिकाऱ्यांचा वेगळा पत्ता मिळू शकतो.

अर्ज कार्यालयाच्या संगणकावर टाइप करू नये. फाइलच्या तपशिलात बहुधा त्या संगणकाच्या धन्याचं, म्हणजे संस्थेचं नाव राहतं, आणि छपाईयंत्रापाशी एखादी प्रत पडून राहते. संपर्काच्या ओळीत ‘सायंकाळी ६.३० नंतर’ अशी वेळ द्यावी, नाहीतर मुलाखतीचा फोन काउंटरवर गर्दी असताना येतो. ज्या दोन वरिष्ठांची नावं दिली, त्यांना आधी फोन करून सांगावं की गोष्ट अजून घरातच आहे. आमच्याकडे फुटलेली दोन प्रकरणं अशा सज्जन, आनंदाने अभिनंदन करणाऱ्या वरिष्ठांकडूनच फुटली होती.

जे लोक लिंक्डइनवर नोकरी शोधतात, त्यांनी ‘ओपन टू वर्क’ फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी सोय निवडावी, पण तिच्यावर विसंबू नये. तुमच्याच कंपनीतल्या भरती विभागापासून ते लपवण्याचा प्रयत्न आपण करतो, पण पूर्ण खात्री देत नाही, असं लिंक्डइन स्वतःच सांगतं.

काही ठिकाणी मात्र ही विनंती करताच येत नाही. सरकारी सेवेत असणाऱ्याने दुसऱ्या सरकारी पदासाठी सामान्यतः ‘योग्य मार्गाने’, म्हणजे आपल्या कार्यालयामार्फत अर्ज करायचा असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेलाही आपण कार्यालयप्रमुखांना लेखी कळवलं आहे, असं हमीपत्र द्यावं लागतं. तिथे गोपनीयता मागणं म्हणजे नियम माहीत नसल्याची कबुली. खासगी आणि सहकारी संस्थांच्या नियुक्तीपत्रातही कधी ‘अन्यत्र अर्ज करण्यापूर्वी परवानगी घ्यावी’ असं कलम असतं. ते न वाचता अर्ज करू नये.

एक गोष्ट अर्जदाराच्या हातात नाही, म्हणून ती अर्ज मागवणाऱ्यांना सांगतो. एका पदासाठी सहा अर्ज आले की पाच जण दुसऱ्या दिवशीही आपल्या जुन्याच टेबलावर बसलेले असतात. आमच्या त्या बाईही बसल्या होत्या. निवड संपली की त्या पाच जणांचे कागद फायलीत तसेच राहतात, आणि फाईल कुणाच्याही हाती लागते. त्यांना नकार कळवा, त्यांच्या प्रती परत करा किंवा फाडून टाका, आणि आवकवहीत अर्जदाराचं नाव लिहिणं बंद करा.