दुधातील जिवंत जंतूंची गणती

दुधात जिवंत जंतू किती, याचा अदमास घेण्यासाठी १ मिलिलिटर दूध ९ मिलिलिटर निर्जंतुक द्रावणात मिसळून, दर खेपेस नवी पिपेट वापरून, हीच क्रिया चार वेळा केली असता दूध दहा हजार पटींनी विरल होते. त्यातील १ मिलिलिटर पेट्री बशीत घेऊन त्यावर सुमारे ४५ अंश सेल्सिअसचे वितळलेले पोषक आगर ओततात. ते अधिक उष्ण असल्यास जंतू मरतात, थंड असल्यास गोठून त्याच्या गुठळ्या होतात. ३२ अंशांवर ४८ तासांनी ८४ वसाहती दिसल्या, तर दर मिलिलिटरला ८,४०,००० हा आकडा निघतो. वसाहती तीनशेहून अधिक असल्यास त्या एकमेकींत मिसळतात, तिसांहून कमी असल्यास योगायोगाचा अंमल वाढतो. तथापि साखळीने राहणारे अनेक जंतू मिळून एकच वसाहत निर्माण करीत असल्याने, हा आकडा वस्तुस्थितीहून कमीच भरतो.