बीज उरतं तोवर

व्यासभाष्यातलं गाईचं उदाहरण घ्या. गाईवर मन एकाग्र केलं, तरी ‘गाय’ हा शब्द, समोरचं जनावर आणि तिच्याविषयीची आपली माहिती एकमेकांत मिसळलेली असतात. ही सवितर्क अवस्था. शब्द आणि आठवणी गळून नुसती वस्तू उरली की निर्वितर्क. सूक्ष्म विषयांवर हेच घडलं की सविचार आणि निर्विचार. चारही सबीज, कारण मनाला धरायला अजून विषय आहे.

निर्विचार मुरल्यावर होणाऱ्या स्वच्छ ज्ञानाचा संस्कार जुन्या संस्कारांना आवरतो. पतंजलींचं खरं धाडस मला पुढे दिसतं: हा चांगला संस्कारही थांबायला हवा. तोही थांबला की निर्बीज समाधी. गाढ झोपेला मात्र समाधी समजू नका. योगसूत्रांत झोप ही चित्ताची एक वृत्तीच आहे.