आजोबा ‘फ्रॅजाइल’ की ‘फ्रेल’? अशक्तपणाचे शब्द माणसाला वेगळे, वस्तूला वेगळे

समजा, पुण्यातले आजोबा आयसीयूमध्ये आहेत. घरातून अमेरिकेतल्या नातवाला इंग्रजीत मेसेज जातो की आजोबांची तब्येत ‘डेलिकेट’ आहे. नातू वाचतो, काळजी करतो आणि दिवाळीला येऊ म्हणून तिकिटं बघायला लागतो. घरच्यांना मात्र तो उद्याच निघायला हवा असतो.

गोंधळ कुठे झाला? मराठी बातम्यांत ‘प्रकृती नाजूक’ याचा अर्थ आहे जिवाला धोका. घरच्यांनी त्याच ‘नाजूक’चा शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला. पण इंग्रजीत ‘डेलिकेट हेल्थ’ म्हणजे मुळातच तोळामासा असलेली प्रकृती, जी वर्षानुवर्षं तशीच राहू शकते. इथे शब्द हवा होता ‘क्रिटिकल’.

फ्रेल, फीबल, फ्रॅजाइल आणि डेलिकेट हे चारही शब्द ‘कमजोर’ या एकाच खणात ठेवले की असं होतं. गोष्टीत म्हातारं पात्र रंगवताना, भाषांतर करताना किंवा साधी इन्स्टा कॅप्शन लिहितानाही हाच घोळ होतो.

एकाच आईची दोन लेकरं

गंमत म्हणजे ‘फ्रेल’ आणि ‘फ्रॅजाइल’ हे मुळात एकच. दोन्ही लॅटिनमधल्या ‘फ्रॅजिलिस’ म्हणजे ‘मोडणारं’ या शब्दातून आलेत. ‘फ्रेल’ जुन्या फ्रेंचमधून झिजत आला आणि माणसाला चिकटला. ‘फ्रॅजाइल’ने मूळ रूप फारसं सोडलं नाही आणि तो काचेच्या पार्सलवरच्या स्टिकरवर जाऊन बसला.

त्यामुळे ‘फ्रॅजाइल’ म्हटलं की डोळ्यांसमोर तडा येतो. वस्तू आत्ता धडधाकट आहे, पण धक्का लागला तर फुटेल. ‘फ्रेल’मध्ये धक्क्याची वाट बघावी लागत नाही, ताकद आधीच ओसरलेली असते. वजन उतरलंय, चाल मंदावलीय, जिन्यात कठडा धरावा लागतो.

डॉक्टरही हा शब्द मोघम वापरत नाहीत. 2001 मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी ‘फ्रेल्टी’साठी पाच खुणा मांडल्या: प्रयत्न न करता वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणं, चालणं मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त असतील तर व्यक्ती ‘फ्रेल’. म्हणजे 85 वर्षांचे, रोज टेकडी चढणारे आजोबा या मोजमापात बसणारही नाहीत. वय झालं म्हणजे ‘फ्रेल’ झालं, असं नाही.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द कोशात शोधायची गरज नाही, तो घरात आहे: ‘आजोबा आता थकलेत हो.’ हे थकणं झोप काढून जाणारं नाही, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. आणि खुर्ची कितीही जुनी झाली तरी ‘थकत’ नाही. ती डुगडुगते, खिळखिळी होते, मोडकळीला येते.

‘फीबल’ जरा जपून

‘फीबल’चं मूळ आहे ‘ज्यावर रडू यावं असं’. तो शब्द जोर लावण्याशी जोडलेला आहे. आवाज, नाडी, दिव्याचा उजेड, एखादा प्रयत्न हे सगळं ‘फीबल’ असू शकतं. कप ‘फीबल’ नसतो, कारण कप जोर लावतच नाही. फुटकळ सबबीलाही इंग्रजीत ‘फीबल’ म्हणतात, त्यामुळे शब्दाला तुच्छतेचा वास आहे. ‘फीबल म्हातारा’ लिहिलं तर वाचकाला दया येईल, आदर वाटेलच असं नाही. त्यापेक्षा आजींचा आवाज ‘फीबल’ म्हणजे क्षीण झालाय असं लिहिलं, तर आजींचा मान शाबूत राहतो.

वस्तूंच्या बाबतीत मराठीही काटेकोर आहे. खडू, बिस्किट ठिसूळ, काचेची बांगडी नाजूक, भिंत कमकुवत, आणि आठवड्यात दांडी तुटणारी छत्री तकलादू. ‘तकलादू’मध्ये बनवणाऱ्यावरचा राग आहे, म्हणून तो म्हाताऱ्या माणसाला लावायचा नाही. आजींची हाडं ठिसूळ होतात, आजी ठिसूळ होत नाहीत.

माणूस आणि वस्तू दोघांनाही चालणारा एक शब्द मराठीत आहे: जीर्ण. वाडा जीर्ण, लुगडं जीर्ण आणि शरीरही जीर्ण. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण हा शब्दही त्याच संस्कृत धातूतून आलाय. मात्र इथेही बोलीची एक अट आहे. ‘आजोबांचं शरीर जीर्ण झालंय’ चालतं, पण ‘आजोबा जीर्ण झालेत’ असं त्यांच्यासमोर म्हणून बघा. थकलेले असले तरी काठी हाताशीच असते.